डांबरावरचा बूट चिखलात का घसरतो

नाशिकच्या गंगापूर रोडवर रोज पहाटे आठ किलोमीटर पळणारा माझा बूट जुलैत अंजनेरीच्या डोंगरावर नेला, तर पहिल्याच चिखलाच्या उतारावर तो बूट राहिला नाही, घसरगुंडी झाला. रोड शूच्या तळव्याला उथळ खाचा असतात. त्यात चिखल भरला की तळवा सपाट होतो आणि पकडायला काही उरत नाही.

मग माती-दगडांच्या वाटांवर पळायचा ट्रेल शू घेतला. त्याच्या तळव्याला पाच मिलिमीटरचे रबरी दात आहेत, तेही एकमेकांपासून लांब. दात उंच असले की मऊ मातीत रुततात, आणि मधल्या मोकळ्या जागेतून चिखल झडून जातो. दात दाट असतील तर काळी माती लाडवासारखी चिकटून बसते आणि प्रत्येक पाय जड होतो.

पण याच बुटाने दगडी पायऱ्यांवर मला दणकून आपटलं. ओल्या कातळात दात रुतूच शकत नाहीत. तिथे फक्त त्यांची टोकं टेकतात, म्हणजे दगडाला लागणारं रबर उलट कमी. तिथे उपयोगी पडतं ते मऊ, चिकट रबर. दुकानात तळव्यावर नख दाबून बघा, ते जरा रुतलं तर बरं. मऊ रबर डांबरावर मात्र लवकर झिजतं. शेवाळ असेल तर कुठलाच बूट भरवशाचा नाही, तिथे चालायचं.

गादीचं गणित वेगळं. डांबर कडक आणि एकसारखं असतं, तोच धक्का हजारो वेळा बसतो, म्हणून टाचेखाली तीस-पस्तीस मिलिमीटरची जाड गादी सुखाची वाटते. दगडगोट्यांवर हीच उंची अंगाशी येते. पाय जमिनीपासून जितका वर, तितका घोटा सहज मुरगळतो. शिवाय खालचं काही जाणवत नाही.

ड्रॉप म्हणजे टाच चवड्यापेक्षा किती उंच आहे तो फरक. रोड शूमध्ये तो बहुधा आठ ते बारा मिलिमीटर, ट्रेल शूमध्ये चार ते आठच्या आसपास. ड्रॉप कमी झाला की पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर ताण वाढतो. मी दहावरून थेट चारवर आलो आणि आठवडाभर जिना उतरताना रडलो. सुरुवातीला आठवड्यातून एकदाच, तेही तीन-चार किलोमीटर, एवढंच पळायला हवं होतं.

वॉटरप्रूफ बूट पावसाळ्यात घेऊ नका, असं माझं मत. पाणी वरून घोट्यातून शिरतंच आणि मग बाहेर जात नाही. साधी जाळी बरी, ती निथळते.

रविवारी पांडवलेणीच्या पायथ्याशी डांबरावरून जाऊन मातीत शिरणार असाल, तर तीन-साडेतीन मिलिमीटर दातांचा मधला बूट चालेल. खऱ्या चिखलात तो कमी पडतो, पण डांबरावर दात झिजवत पळण्यापेक्षा स्वस्त पडतो.