वकिलाने अपिलाची मुदत चुकवली तर पक्षकाराला काय परत मिळतं? अर्ज कुठे, कोणी आणि कोणत्या कागदांसह करायचा

खटला हरल्यावर अपील करायचं ठरतं. वकीलसाहेबांना फी दिली जाते, "बघतो, दाखल करतो" असं उत्तर मिळतं, आणि काही महिन्यांनी घरी अंमलबजावणीची नोटीस येते. अपील दाखलच झालेलं नसतं. अशा वेळी पक्षकार बहुतेकदा आधी वकिलाविरुद्ध तक्रार करायला धावतो. माझं सांगणं असं की तक्रार थोडी थांबू शकते, अपील थांबू शकत नाही. म्हणून आधी अपिलाचं बघा.

एक उदाहरण घेऊ. दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर, यांनी १० जानेवारी २०२४ रोजी एका घरमालकाविरुद्ध ठेकेदाराच्या बाजूने ६,४०,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. त्यातले ४ लाख आधीच दिल्याच्या पावत्या घरमालकाकडे होत्या, पण न्यायालयाने त्या ग्राह्य धरल्या नाहीत. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस मिळतात. निकालाचा दिवस धरत नाहीत, म्हणजे मुदत ९ फेब्रुवारीपर्यंत. पण निकालाची प्रमाणित नक्कल मिळवायला लागलेला वेळही वजा होतो. नकलेवरचा शिक्का नीट बघा. अर्ज केल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि ती दिल्याची तारीख त्यावर लिहिलेली असते. इथे अर्ज १६ जानेवारीचा आणि नक्कल तयार २९ जानेवारीला, म्हणजे १४ दिवस वाढले आणि शेवटची तारीख २३ फेब्रुवारी झाली. घरमालकाला हे सगळं जूनमध्ये कळलं आणि त्याने नव्या वकिलामार्फत २० जूनला अपील दाखल केलं. उशीर ११८ दिवसांचा. विलंब माफीच्या अर्जात हाच आकडा जातो. तो चुकला की सुरुवातीलाच अडचण होते.

अपील खरंच दाखल झालं आहे का, हे वकिलाला न विचारताही कळतं. ई-कोर्ट्सच्या services.ecourts.gov.in या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावावरून शोध घेता येतो. दाखल झालेल्या प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो वकिलाकडे मागा. मागूनही मिळत नसेल तर त्याच दिवशी न्यायालयाच्या कार्यालयात चौकशी करा.

विलंब माफीचा अर्ज मुदतीच्या कायद्याच्या कलम ५ खाली होतो आणि तो अपिलासोबतच, प्रतिज्ञापत्र जोडून द्यावा लागतो. लक्षात ठेवा, ही सवलत अपील आणि अर्जांना आहे. मूळ दावा लावायचीच मुदत गेली असेल तर कलम ५ उपयोगी पडत नाही. अर्जाला "पुरेसं कारण" लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या रफीक विरुद्ध मुन्शीलाल निकालात म्हटलं होतं की वकिलाच्या चुकीची शिक्षा निष्पाप पक्षकाराने भोगू नये. पण त्यावरच विसंबू नका. २०२४ मध्ये रजनीश कुमार विरुद्ध वेद प्रकाश या प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावलं की सगळा दोष वकिलावर टाकून पक्षकार मोकळा होत नाही, त्यानेही आपल्या प्रकरणाकडे लक्ष ठेवायला हवं.

म्हणून प्रतिज्ञापत्रात "वकिलांनी कळवलं नाही" एवढ्या एका वाक्यावर भागत नाही. फी कोणत्या तारखेला दिली, किती वेळा फोन केला, काय उत्तर मिळालं, खरं कधी आणि कसं कळलं, आणि कळल्यावर किती दिवसांत हालचाल केली, हे तारखांनिशी लिहा. जूनमध्ये कळून अपील सप्टेंबरमध्ये गेलं, तर मधल्या महिन्यांचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. विलंब माफ होईपर्यंत हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती मिळणं सहसा अवघड असतं, त्यामुळे या अर्जाची सुनावणी लवकर लागावी यासाठी पाठपुरावा करा.

जुन्या वकिलाने फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवली तर? तसा हक्क त्याला नाही. आर. डी. सक्सेना प्रकरणात (२०००) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. फाइल लेखी मागा आणि पोच ठेवा.

विलंब माफ झाला तर अपील गुणदोषांवर चालतं आणि वकिलाकडून मागण्यासारखं नुकसान फारसं उरत नाही, फार तर जादा खर्च. माफी नाकारली गेली आणि वरच्या न्यायालयातही यश आलं नाही, तर प्रश्न पैशांचा होतो.

ग्राहक आयोगात जाऊ नका. १४ मे २०२४ पासून तो मार्ग बंद आहे. बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवली.

महाराष्ट्र आणि गोव्यात वकिलाविरुद्धची तक्रार मुंबईतल्या बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे, अधिवक्ता कायदा १९६१ च्या कलम ३५ खाली होते. तक्रार सही करून आणि सत्यापित करून द्यावी लागते. शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, सनद काही काळ निलंबित करू शकते किंवा रद्दही करू शकते. वर्षभरात निकाल झाला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. पण तुमचं नुकसान भरून देणं हा या कार्यवाहीचा हेतू नाही. शिवाय नुसता निष्काळजीपणा दर वेळी गैरवर्तन ठरत नाही. अपील दाखल नसताना "दाखल केलंय, तारीख पडलीय" असं खोटं सांगितल्याचा पुरावा असेल तर तक्रारीला खरं बळ येतं.

नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावाच लावावा लागतो. तुमच्यासाठी काम स्वीकारलेला वकील केवळ वकील आहे म्हणून निष्काळजीपणाच्या दाव्यातून सुटत नाही, असं लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) अॅक्ट, १९२६ च्या कलम ५ मध्येच आहे. दावा स्वतः पक्षकाराला लावता येतो. मुदत ३ वर्षांची. सुरक्षित हिशोब अपिलाची मुदत संपल्या दिवसापासून करा, म्हणजे आपल्या उदाहरणात २२ फेब्रुवारी २०२७ च्या आत. बार कौन्सिलकडे तक्रार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. इथे पुष्कळ जण फसतात.

अवघड भाग पुढे आहे. वकील चुकला हे दाखवून पुरत नाही, अपील वेळेत झालं असतं तर ते जिंकता आलं असतं हेही दाखवावं लागतं. म्हणजे हरलेला खटला या दाव्यात पुन्हा मांडायचा. घरमालकाच्या ४ लाखांच्या पावत्या खऱ्या ठरल्या तर त्याचं नुकसान जास्तीत जास्त ४ लाख आणि त्यावरचं व्याज. उरलेले २,४०,००० तो एरवीही देणं लागत होता, ते वकिलाकडून मिळणार नाहीत. न केलेल्या अपिलासाठी दिलेली फी मात्र वेगळी मागावी. ती सिद्ध करणं त्यामानाने सोपं असतं. अपिलात दमच नव्हता असं न्यायालयाला वाटलं तर कदाचित फीच तेवढी हाती येईल.

कागद हे गोळा करा: मूळ निकाल आणि हुकूमनाम्याची शिक्क्यासह प्रमाणित नक्कल, वकीलपत्राची प्रत, फीच्या पावत्या किंवा बँकेचा उतारा, मूळ खटल्यातले पुरावे, विलंब माफी नाकारल्याचा आदेश. व्हॉट्सअॅपचे संदेश असतील तर फोन बदलू नका आणि चॅट पुसू नका. १ जुलै २०२४ पासून असा पुरावा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रासह द्यावा लागतो. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

कोर्ट फी दाव्याच्या रकमेप्रमाणे लागते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाचे पक्षकार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागू शकतात. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.