दुकानाच्या भागीदारीतून भाऊ बाहेर पडताना: राजीनामा लिहिण्याआधी एवढं वाचा

भागीदारीचे कागद करून घ्यायला आमच्याकडे येणारी बरीच मंडळी हातात आधीच लिहिलेला राजीनामा घेऊन येतात. शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर मजकूर ठरलेला असतो: 'मी आजपासून दुकानाच्या भागीदारीतून मुक्त होत आहे, माझा हिशेब पूर्ण मिळाला, काही येणे-देणे राहिले नाही.' खाली सही आणि दोन साक्षीदार. प्रत्यक्षात हिशेब झालेलाच नसतो. भावाला पैशाचं विचारायला संकोच वाटतो, म्हणून ती ओळ लिहिली जाते. दोन वर्षांनी वहिनी विचारतात, "आमच्या वाट्याचं काय झालं?" आणि मग तोच कागद दोन्ही घरांत भांडणाचं कारण होतो. आधी हिशेब, मग सही, एवढा क्रम पाळला तर आमचं निम्मं काम हलकं होतं आणि तुमचंही.

दुसरी अडचण तारखेची. दुकान कृषी केंद्राचं असेल तर जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर जातं आणि पैसा येतो सोयाबीन-कापूस विकल्यावर. ऑगस्टमध्ये बाहेर पडलं तर भांडवल शेतकऱ्यांच्या शेतात अडकलेलं असतं आणि कोणाची उधारी बुडणार हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आम्ही ३१ मार्च ही तारीख सुचवतो. त्या दिवशी खातेवही तशीही बंद होते, माल कमी असतो आणि खरिपाची बरीचशी वसुली झालेली असते.

समजा तीन भाऊ सारख्या हिस्स्याने भागीदार आहेत आणि मधले भाऊ निघतात. ३१ मार्चला माल ९ लाखांचा, उधारी १४ लाखांची, रोख व बँकेतली शिल्लक १ लाख. कंपन्यांचं देणं ७ लाख आणि बँकेच्या सीसी खात्याचं ५ लाख. वरवर पाहता १२ लाख उरतात आणि हिस्सा चार लाखांचा दिसतो. पण त्या उधारीतले ३ लाख तीन वर्षांहून जुने असतील, तर त्यावर दावा करायची मुदतही बहुधा गेलेली असते. ते बाजूला काढले की ९ लाख उरतात. मधल्या भावाने घर बांधताना दुकानातून ६० हजार उचलले होते, ते आधी या ९ लाखांत मिळवायचे, तीन भाग करायचे (३ लाख २० हजार) आणि त्याच्या भागातून वजा करायचे. आज द्यायचे २ लाख ६० हजार. जुनी उधारी जेव्हा जेव्हा वसूल होईल, तेव्हा तिचा तिसरा हिस्सा त्याला. आमच्या अनुभवात हे शेवटचं कलम लिहिलं की वाद जवळजवळ संपतो, कारण कोणालाच बुडीत रकमेवरून भावाशी घासाघीस करावी लागत नाही.

पैसे एकदम नसतील तर कापूस-तुरीच्या विक्रीप्रमाणे हप्ते ठरवा, बँकेतूनच द्या आणि व्याज द्यायचं की नाही तेही लिहा. न लिहिल्यास आणि दुकान त्याच्या पैशावर चालू राहिल्यास भागीदारी कायद्याच्या ३७व्या कलमाने तो नफ्यातला वाटा किंवा वर्षाला ६ टक्के व्याज मागू शकतो.

राजीनाम्याने बाहेरच्या जगाची देणी आपोआप सुटत नाहीत. नोंदणीकृत भागीदारी असेल तर निबंधकाकडे कळवणं, राजपत्र आणि जिल्ह्यात खपणाऱ्या मराठी वर्तमानपत्रात जाहीर सूचना हे तिन्ही लागतं. तोवर त्याला भागीदार समजून माल देणारा त्याच्याकडेही वसुली मागू शकतो. सीसी खात्याला त्याची जामीनकी असेल तर बँकेकडून सुटल्याचं लेखी पत्र घ्या, तोंडी आश्वासन चालत नाही. कीटकनाशकाच्या परवान्यासाठी निघणाऱ्या भावाचीच पदवी लावलेली असेल, तर आधी कृषी विभागात दुसरी पात्र व्यक्ती दाखवा. आणि भागीदार दोघेच असतील तर एक निघाल्यावर फर्म उरत नाही, पॅन आणि जीएसटी नव्याने करावं लागतं.

सातबारा या कागदात आणू नका. 'वडिलोपार्जित सर्व हक्क सोडले' असली ओळ दुकानाच्या निवृत्तीपत्रात घालायला आम्ही साफ नकार देतो. शेतीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा वेगळा कागद आहे. दुकानाचा गाळा वडिलांच्या नावावर असेल तर तोही दुकानाच्या हिशेबात धरू नये.

आम्ही सगळ्या भागीदारांना एकत्र बसवतो आणि मालाच्या यादीवर सगळ्यांच्या सह्या घेतल्याशिवाय मसुदा करत नाही. दोन चकरा जास्त होतात, काही जण त्यावर नाराजही होतात. पण एकाच भावाचं ऐकून लिहिलेला कागद दुसऱ्याला कधीच आपला वाटत नाही. आमची फी ठरलेली असते, हिस्स्याच्या टक्केवारीवर नसते, त्यामुळे आकडा वाढण्या-कमी होण्यात आमचा काही फायदा नाही.

मार्चअखेर बाहेर पडायचं असेल तर फेब्रुवारीतच या. भागीदारीपत्र, मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद, उधारीची वही आणि बँकेचं मंजुरीपत्र सोबत आणा. राजीनामा लिहून आणू नका, तो आपण इथे बसून शेवटी लिहू.