संमती देणं आणि हरकत राखून पैसे घेणं, या दोन गोष्टी एक नाहीत

रस्त्यात जमीन गेली की गावात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "पैसे उचलले म्हणजे संपलं, आता वाढीव मागता येत नाही." दुसरं, "संमतीपत्र काय, नुसती फॉर्मॅलिटी असते, सही कर, नंतर भांडू." दोन्ही चुकीची आहेत, आणि नेमकी उलटी चुकीची आहेत. या गोंधळापायी लोकांचे लाखो रुपये जाताना बघितलेत, म्हणून लिहितोय.

भूसंपादन म्हणजे काय ते तुम्हाला माहिती आहेच, नोटीस, संयुक्त मोजणी, मग मोबदला. पैसे बँकेत येणं, सातबाऱ्यावरून नाव कमी होणं, दोन्ही वाटांनी जवळपास सारखंच होतं, त्यात वेळ घालवू नका.

खरा फरक इथे आहे. संमती देणं म्हणजे थेट खरेदी, वाटाघाटीने खरेदीखत. यात महाराष्ट्रात कायद्याने निघणाऱ्या मोबदल्यावर 25 टक्के जास्त देतात, आणि त्या बदल्यात तुम्ही वाढीव मोबदल्याचा दरवाजा बंद करता. सही करायच्या कागदात खाली कुठेतरी एक ओळ असते, "सदर रक्कम पूर्ण व अंतिम असून भविष्यात वाढीव मोबदल्याची मागणी करणार नाही." अख्खा व्यवहार त्या एका ओळीत आहे. हरकत राखून पैसे घेताना मात्र निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, भूसंपादन अधिकाऱ्यांचा, रक्कम तुम्ही उचलता, पण ती अपुरी आहे हे लिहून देता. 2013 च्या भूसंपादन कायद्यात कलम 77 मध्ये हे सरळ आहे, हरकत नोंदवून घेतले तर वाढीव मागता येतं आणि काहीच न लिहिता घेतले तर येत नाही. पैसे उचलल्याने हक्क जात नाही, न लिहिल्याने जातो.

आता 25 टक्क्यांचं गणित, कारण इथेच सगळे फसतात. समजा एक एकर जमीन आणि त्यांनी मूळ दर धरलाय 20 लाख. ग्रामीण भागातला गुणक 2 धरू (तुमच्या रस्त्याला कुठला लागू आहे ते अधिसूचनेत बघाच, सगळीकडे 2 नसतो). झाले 40. विहीर आणि झाडांचे 4 धरले, 44. त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे 88 लाख. थेट खरेदीत 25 टक्के जास्त, 1 कोटी 10 लाख. ऐकायला मस्त वाटतं.

पण तो 20 लाखाचा दर आला कुठून? कायदा सांगतो की रेडी रेकनरचा दर आणि आसपासच्या तशाच जमिनींच्या मागच्या 3 वर्षांतल्या खरेदीखतांची सरासरी, यातला जो जास्त तो धरायचा, आणि ती सरासरीही सगळ्या खतांची नाही, वरच्या दराच्या निम्म्या खतांची. ती नीट काढली आणि दर 30 लाख निघाला, तर 60 अधिक 4, दुप्पट केले की 1 कोटी 28 लाख. म्हणजे संमतीच्या 'जास्तीच्या' रकमेपेक्षा 18 लाख अधिक, आणि तुम्ही सही करून बसलात तर ते मागायची सोय नाही. थोडक्यात या उदाहरणात मूळ दर साडेपंचवीस लाखाच्या वर जाणार असेल तर त्या 25 टक्क्यांत तोटा आहे.

म्हणून माझं मत पक्कं आहे, मूल्यांकनाचा तक्ता हातात पडल्याशिवाय संमतीवर सही नाही. त्या तक्त्यात कुठली खरेदीखतं धरली ते बघा, कुठली गाळली ते त्याहून जास्त बघा. बागायत जमीन जिरायत म्हणून लावलीय का, मोजणीत पाईपलाईन आणि बोअर सुटलाय का, हेही. वाटाघाटी "साहेब थोडं वाढवा" म्हणून होत नाहीत, सुटलेलं खरेदीखत समोर ठेवल्यावर होतात. तक्ता बरोबर निघाला तर मात्र संमती खुशाल द्या, कारण वाढीव मोबदल्याची केस वर्षानुवर्षं चालते आणि 25 टक्के आज मिळतात.

तक्ता चुकीचा असेल आणि ते ऐकत नसतील, तर निवाडा होऊ द्या आणि पैसे घेताना पावतीवरच लिहा, "मोबदला अपुरा असल्याने, वाढीव मोबदल्याचा हक्क राखून, हरकतीसह रक्कम स्वीकारत आहे." तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही. शिवाय वेगळा अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्या.

त्यानंतरची वाट रस्त्यावर अवलंबून आहे. राष्ट्रीय महामार्ग असेल तर केंद्राने नेमलेल्या लवादाकडे अर्ज जातो. 2013 च्या कायद्याने संपादन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम 64 चा अर्ज, आणि निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर मुदत फक्त 6 आठवडे, निवाड्याच्या तारखेपासून.