हौदातले गप्पी खरंच काम करताहेत का?

एखाद्या मोठ्या हौदात गप्पी मासे सोडले, की बहुतेक जण निर्धास्त होतात. महिनाभराने डास तसेच असले, की 'मासे कुचकामी' असा निकाल लागतो. मासे सोडण्याच्या आधी आणि नंतर काय पाहायचं, हे माहीत असेल तर हा निकाल बऱ्याचदा चुकीचा निघतो.

डासाची मादी पाण्यात किंवा पाण्याच्या काठाशी अंडी घालते. उबदार हवेत अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून डास, हा सगळा प्रवास साधारण आठ-दहा दिवसांत उरकतो. अळी पाण्यात राहत असली तरी श्वासासाठी तिला वारंवार पृष्ठभागावर यावं लागतं. गप्पीचं तोंड वरच्या दिशेने वळलेलं असतं आणि तो पृष्ठभागालगतच वावरतो, त्यामुळे अळी श्वास घ्यायला वर आली की त्याच्या तावडीत सापडते. म्हणूनच मासे किती सोडायचे हे हौदात किती लिटर पाणी आहे यावरून नव्हे, तर पाण्याच्या पृष्ठभागावरून ठरवतात. दर चौरस मीटरला तीन ते पाच मासे हा कामचलाऊ हिशेब.

समजा, 4 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद असा सिमेंटचा हौद आहे. पृष्ठभाग 12 चौरस मीटर, म्हणजे 36 ते 60 मासे पुरतील. हौद एक मीटर खोल असो की तीन मीटर, हा आकडा तोच राहतो. सोडताना माद्या जास्त असू द्याव्यात. त्या नरांपेक्षा मोठ्या असतात आणि अळ्याही जास्त खातात. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतो, आणि मादी साधारण महिन्याला एकदा विते. त्यामुळे ही संख्या आपोआप वाढते.

माशांची पिशवी आणली की थेट हौदात ओतू नये. ती तशीच बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्यावी, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान जुळतं. मग हौदातलं थोडं थोडं पाणी पिशवीत घेत मासे सोडावेत. नुकतंच क्लोरीन घातलेलं पाणी मात्र त्यांच्या जिवावर बेततं. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन राखावंच लागतं, म्हणून अशा टाकीसाठी मासे हा उपाय नव्हे. तिथे घट्ट झाकणच हवं. हौद ओसंडून वाहत असेल तर बाहेर जाणाऱ्या पाइपाला बारीक जाळी लावायला विसरू नये.

आता तपासणी. पांढऱ्या डावाने हौदाच्या कडेकडेने, कोपऱ्यांतून आणि सावलीतून दहा वेळा पाणी काढून बघा. मधोमध काढलेलं पाणी फसवतं, कारण अळ्या बहुधा काठालगत असतात. डावात अगदी बारीक, नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळ्या दिसल्या म्हणून निराश होऊ नका. माद्या अंडी घालायला येतातच, प्रश्न असतो पुढे काय होतं याचा. बारीक अळ्या आहेत, पण मोठ्या अळ्या आणि स्वल्पविरामासारखे वळलेले कोष नाहीत, तर मासे चोख काम करत आहेत. मासे सोडून दोन आठवडे झाले तरी मोठ्या अळ्या आणि कोष सापडत असतील, तर मासे तिथवर पोचत नाहीत किंवा उरलेलेच नाहीत.

न पोचण्याचं नेहमीचं कारण म्हणजे शेवाळ आणि पाणवनस्पती. दाट गुंत्यात माशाला शिरता येत नाही आणि अळ्या सुखाने वाढतात. हा गुंता दर काही दिवसांनी काठावरून काढावा लागतो. पण सगळीच वनस्पती काढली, तर गप्पीच्या पिल्लांना लपायला जागा उरत नाही आणि मोठे मासे त्यांनाच खातात. म्हणून काठ मोकळा ठेवून एका बाजूला थोडी वनस्पती राहू द्यावी. दुसरं कारण आपलं प्रेम! बाहेरून भरपूर खाद्य मिळालं, की मासे अळ्या शोधत नाहीत. त्यांना काहीही घालू नये. अळ्या संपल्या तरी ते शेवाळावर आणि इतर बारीक जीवांवर तग धरतात. तिसरं कारण सर्वांत साधं: हौद धुताना पाण्याबरोबर मासेही गेले आणि परत सोडलेच नाहीत. रिकामा करण्याआधी काही मासे बादलीत काढून ठेवले तर ही वेळ येत नाही.

इतकं सगळं जमलं, तरी हौदातल्या अळ्या कमी होतात, परिसरातले सगळे डास नव्हे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास कुंडीखालच्या बशीत, टाकून दिलेल्या टायरात, बादलीत वाढतो. तिथे मासा नेणार कसा? ती भांडी पालथीच करावी लागतात. मलेरियाच्या बाबतीतही जपून बोलावं लागतं. 2017 साली कॉक्रेन या संस्थेने अशा प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा माशांमुळे माणसांमधला मलेरिया कमी होतो का, हे मोजणारा एकही अभ्यास त्यांना सापडला नाही. अळ्या कमी झाल्याचे पुरावे मात्र होते.

एक गोष्ट तळमळीने सांगावीशी वाटते: हे मासे ओढ्यात, नदीत किंवा नैसर्गिक तळ्यात सोडू नका. डासांसाठीच जगभर नेलेला गंबुशिया नावाचा अमेरिकी मासा आज सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. तो स्थानिक माशांची अंडी-पिल्लं आणि बेडकांची पिल्लंही खातो. गप्पीही बाहेरचाच. बंदिस्त हौदात, जिथून पाणी कुठे वाहून जात नाही, तिथेच त्याला ठेवावं. नैसर्गिक तळ्यात अळ्या खाणारे स्थानिक छोटे मासे बहुधा आधीच असतात. तिथे बाहेरून मासे आणण्यापेक्षा काठावरचं शेवाळ काढून त्यांना वाट करून दिली, तरी बरंच काम होतं.