`*/30` आणि `0,30`: 364 दिवस जुळे, एक दिवस वैरी

अमेरिकेत नोव्हेंबरात घड्याळं मागे जातात, त्यानंतरच्या सोमवारी आयटी पार्कातल्या चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येतं, "क्रॉनला डीएसटी कळतच नाही ना बाप्पा, दोनदा चालते." मला या वाक्याचा कंटाळा आलाय. लिनक्सवरच्या नेहमीच्या क्रॉनला, म्हणजे डेबियन-उबुंटूवरच्या आणि रेड हॅटवरच्या क्रोनीला, ते कळतं. फक्त आपण ओळ कशी लिहिली, त्यावर तो वेगळा वागतो.

```
*/30 1 * * *   mail.sh
0,30 1 * * *   mail.sh
```

क्रॉनटॅबची पाच घरं तुम्हाला पाठ असतीलच. दोन्ही ओळींचा अर्थ एकच, रात्री 1:00 आणि 1:30. कोड तपासताना कुणी एकीची दुसरी केली तर तुम्ही डोळे मिटून मंजुरी द्याल. मीही दिली होती. "तारका दिसायला स्वच्छ वाटते," असं बदल करणाऱ्याचं म्हणणं होतं.

सर्व्हर न्यूयॉर्कच्या वेळेवर होता. 2 नोव्हेंबर 2025, रविवार. आपल्याकडे सकाळचे साडेदहा, म्हणजे तिथे रात्रीचा एक. मी तर्री पोह्याच्या गाडीवर होतो. साडेदहाला मेल गेले, अकराला गेले, इथवर ठीक. साडेअकराला तिथे दोन वाजायचे, ते घड्याळ मागे जाऊन पुन्हा एक वाजला. साडेअकराला तेच मेल परत, बाराला परत. दोनऐवजी चार फेऱ्या, आणि ग्राहकांना तीच आठवण दोनदा. `0,30` असतं तर पहिल्या दोन फेऱ्यांवरच थांबलं असतं.

कारण असं. घड्याळ तीन तासांहून कमी सरकलं, तर क्रॉन ओळींचे दोन गट करतो. मिनिटाच्या किंवा तासाच्या घरात तारका असेल, तर तो समजतो की तुम्हाला वारंवारता हवी आहे, आणि नवी वेळ दिसेल तशी ओळ चालवतो. दोन्ही घरांत आकडेच असतील, तर समजतो की तुम्हाला दिवसातली ती ठरलेली वेळ हवी आहे, आणि पुन्हा आलेल्या तासात ती ओळ परत चालवत नाही. नियम मूर्खपणाचा नाही. `*/30 * * * *` अशी दिवसभर चालणारी ओळ त्याने तासभर अडवली, तर तुमच्या निगराणीत तासाचं भोक पडेल. गोची एवढीच की `*/30` मध्येही तारकाच आहे, आणि तासाच्या घरात आकडा असला तरी ती ओळ वारंवारतेच्या गटात जाते.

मार्चमध्ये हेच उलटं होतं, आणि मला ते जास्त खुपतं. 8 मार्च 2026 ला न्यूयॉर्कमध्ये 1:59 नंतर थेट 3 वाजले. त्या दिवशी `*/30 2 * * *` एकदाही चालत नाही. लॉगमध्ये चूक नाही, काहीच नाही. `0,30 2 * * *` मात्र तीन वाजल्याबरोबर दोन्ही राहिलेल्या फेऱ्या लागोपाठ उरकते. एक फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होऊ शकते, म्हणून `flock` लावा. दोनदा गेलेल्या मेलची तक्रार येते; न चाललेल्या बॅकअपची तक्रार ज्या दिवशी तो लागतो त्या दिवशीच येते.

दोनदा चाललं का, हे बघायला स्थानिक वेळेचा लॉग उघडू नका. त्यात 1:30 दोनदा दिसतं आणि लोक त्याला लॉगचा गोंधळ समजतात. यूटीसीत बघा:

```
journalctl --utc -u cron
```

(रेड हॅटवर शेवटचं नाव `crond`.) 05:30 आणि 06:30 दोन्हीकडे नोंद असेल, तर फेरी खरंच दोनदा गेली.

ही सगळी हुशारी या क्रॉनपुरतीच. क्युबरनेटीसचा क्रॉनजॉब गो भाषेतल्या ज्या लायब्ररीवर उभा आहे, तिच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय की पुढे उडी मारताना गिळलेल्या वेळेतली कामं चालणार नाहीत. तिथे `0,30` लिहून काही मिळत नाही.

माझं मत ठाम आहे, सर्व्हर यूटीसीवर ठेवा. मग कुठला तास गायब होत नाही, कुठला परत येत नाही. बदल्यात न्यूयॉर्कच्या हिशेबाने काम वर्षातून दोनदा तासभर सरकतं, ते मेल-बॅकअपला चालतं. क्लायंट "आमच्याच वेळेवर हवं" म्हणून अडून बसला, तर 1 ते 3 मधलं काम 4 वर न्या. तेही हलवता येत नसेल, तर तारका काढा आणि आकडे लिहा. हे सगळं करूनही स्क्रिप्टने "आजचे मेल गेलेत का" हे आधी विचारावंच. आमच्या `mail.sh` मध्ये ती तपासणी आता पहिल्या ओळीत आहे.