शिंगाच्या दौतीतले शब्द

सदाशिव पेठेतल्या टोफेलच्या एखाद्या क्लासला नाव घातलं की पहिल्याच आठवड्यात एक झेरॉक्स हातात पडते: लॅटिन-ग्रीक धातू, उपसर्ग, प्रत्यय. इंग्रजीच्या परीक्षेला लॅटिन कशाला, हे मात्र तिथे सहसा कोणी सांगत नाही.

१०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं तेव्हापासून फ्रेंच शब्द येत होतेच. पण विद्वत्तेच्या शब्दांची मोठी भरती सोळाव्या-सतराव्या शतकातली. लॅटिनमध्ये लिहिणारी मंडळी इंग्रजीकडे वळली आणि शब्द अडला की लॅटिनमधून उचलू लागली. विरोधक अशा शब्दांना ‘इंकहॉर्न’ म्हणत, म्हणजे शिंगाच्या दौतीतून निघालेले. जॉन चीक केंब्रिजला ग्रीकचे प्राध्यापक, पण बायबलच्या भाषांतरात त्यांनी ‘सेंच्युरियन’ टाळून ‘हंड्रेडर’ असा घरचा शब्द घडवला. आपल्याकडच्या भाषाशुद्धीवाल्यांशी त्यांचं छान जमलं असतं. पण चीक हरले. म्हणूनच ‘हाउस’, ‘डॉग’ फोडून हाती काही लागत नाही आणि उताऱ्यातला जडजंबाल शब्द मात्र फोडता येतो.

समजा, उताऱ्यात बसाल्टचा ‘इम्पर्मिएबल’ थर आला. शेवटचं ‘एबल’ सांगतं की हे विशेषण आहे, ‘-ण्याजोगा’ अशा अर्थाचं. ‘पर’ म्हणजे आरपार, ‘मी’ हा जाण्याचा धातू आणि पुढचं ‘इम’ नकाराचं. तुकड्याला तुकडा लावला की अ-पार-गम्य, पाणी झिरपू न देणारा. मूळ उपसर्ग ‘इन’, प-वर्गातलं अक्षर पुढे आल्याने त्याचा ‘इम’ झाला. ‘लेजिबल’पुढे तोच ‘इल’ होतो. उत् अधिक लास म्हणजे उल्लास, हे शाळेत घोकलेल्यांना यात नवल वाटू नये.

फसगत कुठे होते, तेही संस्कृतवाल्यांनी सांगून ठेवलंय: उपसर्ग धातूचा अर्थ बळाने भलतीकडे नेतो, प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार यांसारखा. ‘हृ’ माहीत असून ‘आहार’ ओळखता येईलच असं नाही. ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल. म्हणून फोडीतून निघालेला अर्थ वाक्यात बसवून पाहायचा. आजूबाजूच्या वाक्यांशी भांडला तर फोड सोडून द्यायची. १९९५ साली टोफेलने शब्दांचे सुटे प्रश्न बंद करून ते उताऱ्यात घातले, तेव्हापासून ही पडताळणी करता येते.

सगळ्यात घातक ‘इन्फ्लेमेबल’. इथला ‘इन’ नकाराचा नाही, ‘आत’ या अर्थाचा. शब्दाचा अर्थ पेट घेणारा. लोक उलटं समजतील या धास्तीने विसाव्या शतकात अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी ‘फ्लेमेबल’चा आग्रह धरला. सोलापूर रस्त्यावरच्या टँकरच्या पाठीवर मात्र अजून ‘हायली इन्फ्लेमेबल’च दिसतं.