भाजलेल्या रुग्णाचे पहिले 24 तास : घड्याळ कुठून मोजायचे?
आमच्या नागपूरच्या क्लासच्या टेस्ट सिरीजमधील नर्सिंग विद्यार्थ्यांसाठी

पार्कलँड सूत्र सगळ्यांना पाठ असते: 4 मिली × वजन × भाजलेला टक्का. तरीही या प्रश्नात मार्क जातात, आणि ते गुणाकारात जात नाहीत.

एक उदाहरण घ्या. काटोलजवळ सकाळी 10 वाजता स्टोव्हचा भडका उडून 60 किलोचा माणूस भाजला. छाती-पोटाचा पुढचा पूर्ण भाग आणि अख्खा उजवा हात फोडांनी भरलाय, चेहरा नुसता लाल आहे. नागपूरच्या वॉर्डात तो दुपारी 1 वाजता पोचला. वाटेत सलाईन लागलेले नाही.

आधी टक्का. नऊच्या नियमाने धडाचा पुढचा भाग 18, एक हात 9, एकूण 27. लाल चेहरा मोजायचा नाही, कारण फोड न आलेली पहिल्या दर्जाची भाजणी या हिशेबात धरतच नाहीत. पेपर काढणारा तो चेहरा मुद्दाम घालतो. चेहऱ्याचे साडेचार टक्के धरले की उत्तर 7560 येते, आणि पर्यायांत ते हमखास असते!

4 × 60 × 27 = 6480 मिली रिंगर लॅक्टेट. निम्मे, म्हणजे 3240 मिली, पहिल्या 8 तासांत. हे 8 तास भाजल्यापासूनचे, भरती झाल्यापासूनचे नव्हे. 10 वाजता भाजला, म्हणजे मुदत संध्याकाळी 6 ला संपते. हातात उरले 5 तास, म्हणून ताशी 648 मिली. भरतीपासून मोजणारा 405 लिहितो. काटोललाच 500 मिली दिलेले असते, तर ते वजा करून 2740 भागिले 5, म्हणजे ताशी 548.

उरलेले 3240 मिली पुढच्या 16 तासांत, ताशी साधारण 203. दुसऱ्या दिवशी सकाळी 10 ला 24 तास पूर्ण.

थेंब विचारले तर 20 थेंबांच्या सेटवर 648 × 20 ÷ 60 = मिनिटाला 216. एवढे थेंब डोळ्यांनी कोण मोजणार? म्हणूनच अशा रुग्णाला जाड सुईच्या दोन लाइन लावतात.

हा आकडा फक्त सुरुवातीचा. पुढे दर ठरतो लघवीवरून: प्रौढात किलोमागे ताशी किमान 0.5 मिली, इथे 30. कॅथेटरच्या पिशवीत तासाला 15 मिलीच जमत असेल, तर ट्यूब दुमडलेली नाही ना ते बघून डॉक्टरांना कळवायचे. द्रव बहुधा वाढवावा लागतो. उलट लघवी भरपूर होत असताना सूत्राला चिकटून सलाईन ओतत राहिले, तर सूज वाढते, फुप्फुसांत पाणी भरते.

काही प्रश्नांत 4 ऐवजी 2 मिली दिलेले असते; प्रौढांसाठी अलीकडे तिथूनही सुरुवात करतात. प्रश्नात जो आकडा असेल, तोच धरा.